गाडीचा क्रमांक, राज्याचा कर आणि भारत मालिका

गाडीच्या पाटीवरचा क्रमांक चार तुकड्यांचा असतो. ‘एमएच ०९ एबी १२३४’ असा एक नमुना घेतला, तर पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढचे दोन अंक त्या राज्यातल्या नोंदणी कार्यालयाचे, मधली अक्षरे मालिकेची आणि शेवटचे चार अंक त्या मालिकेतल्या गाडीचे. म्हणजे ही महाराष्ट्रातल्या कोल्हापूर कार्यालयाने ‘एबी’ मालिकेत नोंदवलेली गाडी. बोलीभाषेत हेच ‘एमएच नऊ पासिंग’ होते. ही रचना देशभर रुळली ती मोटार वाहन अधिनियम, १९८८ लागू झाल्यावर, म्हणजे १ जुलै १९८९ नंतर. त्याआधी महाराष्ट्रातल्या पाट्यांवर ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरे असत आणि त्यांवरून जिल्हा ओळखायला सराव लागे.

महाराष्ट्राचे कार्यालयक्रमांक पाहिले, तर नकाशावरून बोट फिरवल्यासारखा क्रम दिसतो. ०१ ते ०३ मुंबई, तिथून ठाणे, कल्याण, पेण करत कोकणात उतरले की ०७ सिंधुदुर्ग आणि ०८ रत्नागिरी. मग घाट चढून ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे. १५ नाशिकपासून खानदेश, २० पासून मराठवाडा, २७ अमरावतीपासून वऱ्हाड आणि ३१ नागपूरपासून पूर्व विदर्भ. हा क्रम पुढे मोडला, कारण नवे जिल्हे झाले आणि मोठ्या जिल्ह्यांत दुसरी-तिसरी कार्यालये उघडली. त्यांना जो क्रमांक मोकळा होता तो मिळाला: वाशिम ३७, नंदुरबार ३९, बारामती ४२, वाशी ४३, पनवेल ४६, कऱ्हाड ५०. त्यामुळे पहिल्या छत्तीस क्रमांकांवरून प्रदेशाचा अंदाज बांधता येतो, त्यापुढचे पाठच करावे लागतात.

जिल्ह्याला अक्षराऐवजी अंक देण्याचा फायदा नामांतरांच्या वेळी दिसला. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले. २० आणि २५ जागच्या जागी राहिले. राज्यांचे तसे झाले नाही. ओरिसाचे ओडिशा झाल्यावर ‘ओआर’ जाऊन ‘ओडी’ आले, उत्तरांचलचे उत्तराखंड झाल्यावर ‘यूए’ जाऊन ‘यूके’ आले. तेलंगणाने तर दहा वर्षे ‘टीएस’ वापरून २०२४ मध्ये ‘टीजी’ स्वीकारले. जुन्या गाड्यांवर जुनीच अक्षरे राहतात. त्यामुळे एकाच राज्याच्या दोन अक्षरजोड्या एका सिग्नलवर शेजारी उभ्या दिसल्या, तर त्यात काही गैर नाही.

मालिकेच्या अक्षरांमध्ये ‘आय’ आणि ‘ओ’ टाळण्याची रीत आहे, कारण दुरून ती १ आणि ० सारखी दिसतात. उरतात चोवीस अक्षरे. दोन अक्षरांच्या जोड्या होतात ५७६ आणि प्रत्येक जोडीत ९,९९९ क्रमांक, म्हणजे एका कार्यालयाला साधारण साडेसत्तावन्न लाख गाड्या पुरतील इतकी जागा. सुरुवातीला काही ठिकाणी अक्षराविनाच क्रमांक दिले गेले, मग एक अक्षर आले, मग दोन. म्हणून एकाच कार्यालयाच्या दोन पाट्यांपैकी एक अक्षर असलेली पाटी सहसा जुनी असते. त्याहून बारीक अनुमान काढताना जपावे लागते. महाराष्ट्रात दुचाकी, मोटार आणि व्यावसायिक वाहनांसाठी वेगवेगळ्या मालिका उघडतात, पण मोटारीच्या मालकाला हवा असलेला क्रमांक दुचाकीच्या मालिकेत मोकळा असेल, तर तो तिप्पट शुल्क भरून घेता येतो. ४१४१ हा आकडा पाटीवर जरा वळवून ‘दादा’ वाचता येतो, आणि त्यासाठी पैसे मोजणारे कमी नाहीत. २०२४ मध्ये चारचाकीच्या ०००१ या क्रमांकाचे शुल्क तीन लाखांवरून पाच लाखांवर गेले, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ते आणखी जास्त आहे. दिल्लीत मात्र मालिकेतले पहिले अक्षरच वाहनाची जात सांगते: ‘सी’ असेल तर मोटार, ‘एस’ असेल तर दुचाकी.

इतके वाचता आल्यावर एक गैरसमज दूर करायला हवा. पाटीवरून गाडी कुठे नोंदली गेली ते कळते, ती कुठे राहते ते कळत नाही. एसटीच्या गाड्या याचे ढळढळीत उदाहरण आहेत. रत्नागिरी आगाराच्या लाल गाडीवर ‘एमएच १४ बीटी’ किंवा ‘एमएच २० बीएल’ दिसते, कारण महामंडळाच्या गाड्यांची बांधणी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत होते आणि नोंदणीही तिथल्याच कार्यालयात. खासगी गाडीचेही तेच. कोल्हापुरात नोंदलेली गाडी मालकासोबत नागपूरला गेली, तरी ‘०९’ बदलावे लागत नाही. अधिनियमाच्या ४९ व्या कलमाप्रमाणे तीस दिवसांत नव्या पत्त्याची नोंद करायची, एवढेच. महाराष्ट्रात एकरकमी भरलेला कर पुण्यालाही चालतो आणि गडचिरोलीलाही.

राज्याची हद्द ओलांडली की चित्र बदलते. नोंदणी देशभर वैध असते, हे ४६ वे कलम सांगते. पण ४७ वे कलम म्हणते, की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागेल. या दोन कलमांच्या मधोमध पेच बसलेला आहे तो कराचा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत वाहनांवरचा कर राज्यसूचीत आहे (नोंद ५७), तर यांत्रिक वाहने आणि त्यांच्यावरील करआकारणीची तत्त्वे समवर्ती सूचीत आहेत (नोंद ३५). म्हणजे तत्त्वे केंद्र घालून देऊ शकते, पैसा राज्याचा. म्हणून पाटीवरची पहिली दोन अक्षरे खरे तर कराच्या पावतीसारखी वाचावीत: या गाडीचा पंधरा वर्षांचा कर कोणत्या राज्याच्या तिजोरीत गेला, ते ती सांगतात. दर राज्याराज्यांत इतके वेगळे आहेत, की केरळमध्ये राहणाऱ्यांच्या महागड्या गाड्या पुदुच्चेरीची ‘पीवाय’ पाटी लावून फिरताना आढळल्या आणि त्यावरून खटले झाले. अशा पळवाटांवर राज्ये डोळा ठेवून असतात, आणि त्याचा जाच प्रामाणिकपणे बदली होऊन आलेल्यालाही होतो. कर्नाटकाने २०१४ मध्ये परराज्यातली गाडी तीस दिवसांहून अधिक राहिली, तर तिथला आजीवन कर लावण्याची तरतूद केली होती. पुढे तिथल्या उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि बारा महिन्यांची मुदत कायम राहिली.

बदलीच्या नोकरीत याचा अर्थ काय होतो, हे एका उदाहरणाने पाहता येईल. समजा राष्ट्रीयीकृत बँकेतली एक अधिकारी पुण्यात आठ लाखांची पेट्रोल मोटार घेते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला ११ टक्के कर आहे, म्हणजे ८८,००० रुपये, पंधरा वर्षांचे एकदम. दोन वर्षांनी तिची बदली बंगळूरला होते. आता तिला आधी पुण्याच्या कार्यालयातून नमुना २८ वर ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी, काढायची आहे. गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचीही ना हरकत लागते, तिची स्वतःचीच बँक असली तरी. ई-चलनाचा एखादा दंड थकला असेल, तर काम तिथेच अडते, आणि तो दंड थकला आहे हे पुष्कळदा अर्ज केल्यावरच कळते. शिवाय गाडी चोरीची नाही, याची पोलिसांच्या नोंदींशी पडताळणी होते. प्रमाणपत्र मिळते ते बंगळूरच्या एका विशिष्ट कार्यालयाच्या नावाने. मधल्या काळात बदलीचा हुकूम फिरला आणि बंगळूरऐवजी म्हैसूर आले, तर हा कागद निरुपयोगी होतो.

बंगळूरला पोचल्यावर नमुना २७ चा अर्ज आणि कर. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या नव्या मोटारीला १४ टक्के कर आहे, आठ लाखांवर तो १,१२,००० होतो. गाडी दोन वर्षांची असल्याने त्यात कपात मिळते, तरी उरलेली रक्कम मोठीच असते आणि ती एकदम भरावी लागते. त्यानंतर केए पाटी मिळते, आणि ती मिळाल्याचा पुरावा दाखवून महाराष्ट्राकडे उरलेल्या तेरा वर्षांच्या कराचा परतावा मागायचा. सरळ त्रैराशिकाने तो ७६ हजारांच्या घरात येईल. प्रत्यक्षात राज्याच्या स्वतःच्या तक्त्याप्रमाणे ठरतो. अडचण रकमेपेक्षा क्रमाची आहे. दुसरा कर आधी भरायचा आणि पहिला मग परत मागायचा, तोही ज्या शहरातून बिऱ्हाड हलवले त्याच शहरातल्या कार्यालयाकडून. अर्जदार बंगळूरला, फाईल पुण्याला. कितीतरी जण या टप्प्यावर परताव्याचा नाद सोडतात. तीन वर्षांनी दिल्लीला बदली झाली, की सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणूनच अनेक जण बदली झाल्यावर गाडी विकून टाकतात, किंवा जुन्या पाटीवरच चालवतात आणि प्रत्येक तपासणीत बारा महिने झाले नाहीत हे सिद्ध करत बसतात. त्यासाठी घरभाड्याचा करार, बदलीचा हुकूम, पेट्रोलच्या पावत्या असा गठ्ठा गाडीच्या कप्प्यात बाळगावा लागतो.

या साखळीवरचा उपाय म्हणून केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २६ ऑगस्ट २०२१ रोजी भारत मालिका अधिसूचित केली आणि ती १५ सप्टेंबरपासून अमलात आली. हिच्या पाटीची रचना नेहमीच्या उलट क्रमाची आहे. ‘२२ बीएच १२३४ एए’ या नमुन्यात आरंभीचे दोन अंक नोंदणीच्या वर्षाचे, म्हणजे २०२२ चे. ‘बीएच’ हे मालिकेचे चिन्ह. मग चार अंक आणि शेवटी एक किंवा दोन अक्षरे. ‘आय’ आणि ‘ओ’ इथेही वगळलेले आहेत. बीएच म्हणजे बिहार नव्हे, बिहारची अक्षरे ‘बीआर’ आहेत. पण ही गफलत अजून होते. क्रमांक संगणक देतो, निवडता येत नाही. ‘दादा’ची सोय इथे नाही. राज्य आणि कार्यालय पाटीवरून पूर्ण पुसले गेले आहे, ते पाहायचे तर आरसी उघडावी लागते. वर्ष मात्र ठळक दिसते. जुनी गाडी घेणाऱ्याला ते उपयोगी पडते.

खरा बदल पाटीच्या मागे आहे. या मालिकेत कर पंधरा वर्षांचा एकदम न घेता दोन वर्षांचा किंवा दोनच्या पटीत घेतला जातो, आणि दर देशभर एकच: दहा लाखांपर्यंत ८ टक्के, दहा ते वीस लाख १० टक्के, त्यापुढे १२ टक्के. डिझेलला दोन टक्के अधिक, विजेच्या गाडीला दोन टक्के कमी. हे टक्के पूर्ण मुदतीचे समजायचे आणि त्यातला दोन वर्षांचा वाटा हप्त्याने भरायचा. वरच्या उदाहरणातल्या आठ लाखांच्या गाडीला ८ टक्क्यांनी ६४,००० होतात, त्याचा पंधरापैकी दोन वर्षांचा सरळ वाटा साडेआठ हजारांच्या आसपास येतो. आकारणीतली वाढ धरली तरी हप्ता दहा-बारा हजारांच्या पलीकडे जात नाही. चौदा वर्षे झाली की कर दरवर्षी घेतला जातो, आधीच्या निम्म्या रकमेने. अधिकारी बाई बंगळूरला गेली काय किंवा दिल्लीला, पाटी तीच, आरसी तीच. एनओसी नाही, परतावा नाही, कारण परत मागण्यासारखे आगाऊ भरलेलेच काही नाही. पुढचा हप्ता ऑनलाइन भरला की झाले. तो चुकला तर मात्र दिवसाला शंभर रुपये दंड चढतो. दोन वर्षांनी येणारी तारीख विसरायला सोपी असते, आणि सहा महिने विसरलेल्या हप्त्याचा दंड हप्त्याहून मोठा होतो.

ही मालिका कोणाला मिळते? सैन्यदलातल्या व्यक्तींना, केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना, दोघांच्याही सार्वजनिक उपक्रमांतल्या लोकांना, आणि चार किंवा अधिक राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांच्या कर्मचाऱ्यांना. गाडी खासगी वापराची आणि कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नावावर हवी. सरकारी कर्मचाऱ्याला ओळखपत्र दाखवावे लागते, खासगी कर्मचाऱ्याला नमुना ६० मधले मालकाचे प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्रच व्यवस्थेतला हळवा सांधा ठरला. कंपनीची चार राज्यांत खरोखर कार्यालये आहेत का, हे आरटीओने कसे तपासायचे, हा प्रश्न होता. काही राज्यांनी खासगी नोकरदारांना ही मालिका देण्यात हात आखडता घेतला, आणि कर्नाटकात हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. राज्यांची अनिच्छा समजण्यासारखी आहे: एकरकमी लाख-दीड लाख येण्याऐवजी दर दोन वर्षांनी काही हजार येणार, आणि गाडी निघून गेली तर तेही दुसऱ्याकडे. डिसेंबर २०२२ मधल्या दुरुस्तीने प्रमाणपत्राचे नियम घट्ट केले. त्याच दुरुस्तीने साध्या क्रमांकाची जुनी गाडी, कराचा फरक भरून, भारत मालिकेत आणण्याची वाट उघडली. आधी ती फक्त नव्या गाड्यांपुरती होती.

पात्रता आणि लाभ या दोन गोष्टी मात्र एक नाहीत. सर्वांत निखळ लाभ आहे तो दर दोन-तीन वर्षांनी राज्य बदलणाऱ्याला: फौजी, केंद्रीय सेवेतला अधिकारी, रेल्वेचा किंवा सार्वजनिक बँकेचा माणूस. याउलट राज्य सरकारचा शिक्षक किंवा तहसीलदार पात्र आहे, पण त्याची बदली लातूरहून जालन्याला होते, लातूरहून जयपूरला नाही. राज्यांतर्गत बदलीला एमएच पाटी आधीच पुरत होती. त्याला मिळतो तो दुसराच फायदा, सुरुवातीला थोडा कर भरण्याचा. एकाच शहरात कायम राहणारे, पण मोठ्या कंपनीत काम करणारे अनेक जण मालिका निवडतात तेही याच कारणाने, आणि महागड्या गाडीच्या बाबतीत ही सवलत मोठी दिसते. हिशेब राज्यागणिक उलटतो. कर्नाटकासारख्या चढ्या दराच्या राज्यात भारत मालिका दीर्घ मुदतीतही स्वस्त पडते. दिल्लीत सहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीचा कर चार टक्केच असल्याने छोटी गाडी तिथेच वापरणाऱ्याला आठ टक्क्यांचा दर महाग आहे.

ज्यांना ही सोय हवी होती आणि मिळाली नाही, तेही मोजायला हवेत. सांगलीचा द्राक्षव्यापारी हंगामात बंगळूर, हैदराबाद करतो. पण तो कोणाचा कर्मचारी नाही, म्हणून अपात्र. दोन राज्यांत कार्यालये असलेल्या छोट्या कंपनीचा अभियंता नोएडाला तीन वर्षांसाठी जातो, तोही अपात्र. कंपनीच्या नावावरची गाडीही बाहेरच, जरी ती चालवणारा माणूस दरवर्षी शहर बदलत असला तरी. नियमाने फिरण्याचा पुरावा मागितलेला नाही, नोकरीचा मागितला आहे. फिरणे तपासणे कठीण, ओळखपत्र तपासणे सोपे, हे त्यामागचे कारण दिसते. पण त्यामुळे न फिरणारा आत आला आणि फिरणारा बाहेर राहिला.

विक्रीच्या वेळी आणखी एक गाठ सोडवावी लागते. सुरुवातीच्या नियमांत भारत मालिकेची गाडी अपात्र माणसाला विकण्याची वाट धड नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने ती मोकळी केली. घेणारा पात्र असेल, तर मालिका चालू राहते. नसेल, तर त्याला आपल्या राज्याचा क्रमांक घेऊन उरलेल्या आयुष्याचा कर तिथे भरावा लागतो. वरची गाडी पाच वर्षांनी सांगलीच्या दुकानदाराने घेतली, तर त्याला गाडीच्या किमतीशिवाय महाराष्ट्राचा कर आणि एमएच १० पाटीचा खर्च पडेल, आणि भाव पाडताना तो हे धरूनच बोलेल. म्हणून भारत मालिकेची जुनी गाडी पाहताना मालकाने शेवटचा हप्ता कधी भरला, ते आरसीच्या नोंदीत आणि परिवहन पोर्टलवर तपासावे. हप्ता थकलेला असेल, तर दंडासह तो विकणाऱ्याकडून आधी भरून घ्यावा आणि मगच हस्तांतराच्या कागदांवर सह्या कराव्यात.